फीच्या हप्त्यांचा अर्ज : काम परत सुरू झालं तरी पैसे कधी येतात?

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नरडाण्याहून काकांचा फोन आला. चुलत भावाच्या शाळेत हप्त्यांसाठी अर्ज दिला होता आणि क्लार्कने तो परत केला होता. "नीट लिहून आणा म्हणे. आता तूच लिही पोरी, तुला लिहायची सवय आहे." मी रसायनशास्त्रात पीएचडी करतेय. मला लिहायची सवय आहे ती सिनॉप्सिस आणि प्रोग्रेस रिपोर्टची. पण त्या शनिवारी घरी गेले, तो परत आलेला अर्ज वाचला आणि लक्षात आलं की माझा पहिला सिनॉप्सिस ज्या कारणाने परत आला होता, तेच कारण इथेही आहे.

अर्जात लिहिलं होतं: घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे, माझे काम तात्पुरते बंद आहे, तरी फी भरण्यास सवलत मिळावी ही नम्र विनंती. यात खोटं काहीच नव्हतं. पण क्लार्कच्या जागी बसून वाचा. सवलत म्हणजे फी कमी हवी की मुदत हवी? तात्पुरते म्हणजे किती दिवस? उरलेली रक्कम किती, आणि ती शाळेच्या हिशेबात आहे तेवढीच पालकाच्या डोक्यात आहे का? आमच्याकडे अहिराणीत एका शब्दात विचारतात, "कव्हय?" म्हणजे कधी. त्या अर्जात या एका शब्दाचं उत्तर नव्हतं.

परिस्थिती अशी होती. नरडाणा हे शिंदखेडा तालुक्यातलं, मुंबई-आग्रा महामार्गावरचं गाव, आणि इथे एमआयडीसी आहे. काका तिथल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला. २० ऑगस्टला कारखान्याचं उत्पादन थांबलं आणि ठेकेदाराने "दिवाळीनंतर बोलावतो" एवढंच सांगितलं. भाऊ नववीत, विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. वर्षाची फी २६,००० रुपये. जूनमध्ये ८,००० भरलेले. उरलेले १८,००० दोन भागांत द्यायचे होते, ९,००० रुपये १५ ऑक्टोबरला आणि ९,००० रुपये १५ जानेवारीला. (शाळेचं नाव लिहीत नाही, आणि घरच्यांना विचारून आकडे थोडे गोल केलेत.)

माझं पहिलं काम चुकीचं झालं, तेही सांगते. मी आधी कायदा शोधायला बसले. रिसर्चवाल्यांची खोड, कुठलाही प्रश्न आला की आधी लिटरेचर. वाटलं की एखादा जीआर सापडेल, त्याचा क्रमांक अर्जात टाकू आणि काम होईल.

सापडलं ते असं. कोविडच्या काळात, ८ मे २०२० रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला की शाळांनी फी एकरकमी न मागता मासिक किंवा त्रैमासिक भरण्याचा पर्याय द्यावा, आणि २०२०-२१ साठी फीवाढ करू नये. संस्थाचालकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२० रोजी न्यायालयाने या निर्णयाला स्थगिती दिली, कारण सरकारला असा आदेश काढण्याचा अधिकार आहे असं प्रथमदर्शनी दिसलं नाही. पण त्याच आदेशात एक ओळ होती की शाळांनी पालकांना वाजवी हप्त्यांचा आणि ऑनलाइन भरण्याचा पर्याय द्यायचा विचार करावा. पुढे ३ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या शाळांच्या प्रकरणात, इंडियन स्कूल, जोधपूर विरुद्ध राजस्थान राज्य, २०२०-२१ ची फी १५ टक्के कमी करून सहा समान मासिक हप्त्यांत, ५ ऑगस्ट २०२१ पर्यंत घ्यायला सांगितली. फी थकली म्हणून मुलाला वर्गातून काढू नये, निकाल अडवू नये, असंही सांगितलं. आणि ज्या पालकाला या हप्त्यांतही फी भरणं जड जातंय त्याने वैयक्तिक अर्ज केला, तर शाळेने त्या-त्या प्रकरणाकडे सहानुभूतीने पाहावं असंही म्हटलं.

हे वाचून मी खूश झाले होते. मग नीट वाचलं. तो आदेश एका साथीच्या वर्षापुरता आहे. आज एका पालकाचं काम बंद पडलं म्हणून तो जसाच्या तसा लागू होत नाही. 'महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११' चा मुख्य भर फी किती असावी आणि ती कशी ठरावी यावर आहे. शिक्षण हक्क कायद्यात मुलाला शाळेतून काढून टाकायला मनाई आहे, पण ती प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. भाऊ नववीत. थोडक्यात, हप्ते मागायला कोणी अडवत नव्हतं, पण ते द्यायचे की नाही हे शाळेच्या हातात होतं. अर्जात निकालपत्राचा हवाला दिला असता, तर शाळेने तो वकिलाला दाखवला असता, आणि वकिलाने पहिल्याच वाचनात "हे लागू नाही" म्हटलं असतं. तुमचा संदर्भ तुमच्या दाव्याला आधार देत नसेल तर रेफरी बाकीचा पेपरही संशयाने वाचतो, तसंच.

पण त्या निकालाची रचना मला उपयोगी पडली. आधी सगळ्यांसाठी समान हप्ते, आणि ज्यांना तेही जमत नाहीत त्यांच्यासाठी वेगळा अर्ज. म्हणजे समान हप्ते प्रत्येकाला जमतीलच असं नाही, हे न्यायालयानेही धरलं होतं. आम्हाला नेमकं हेच दाखवायचं होतं.

मग वहीचं एक पान काढलं आणि काकूंना सोबत घेऊन बसले. काकांना पगार माहीत होता, पण घरखर्च काकूंना माहीत होता. हा मुद्दा बारीक वाटेल, पण अर्ज काकांनी एकट्याने लिहिला म्हणूनच त्यात आकडा नव्हता.

काकांची मजुरी महिन्याला १३,५०० आणि काकूंचं शिवणकाम साधारण ३,५००, म्हणजे एरवी घरात १७,००० येतात. काम बंद असताना काका शेतात कापूस वेचणीला आणि जमेल तिथे हमालीला जात होते, त्यातून महिन्याला ७,००० च्या आसपास. म्हणजे बंदच्या काळात एकूण १०,५००. घरखर्च खेचून ९,५००. शिल्लक १,०००. इथपर्यंत कोणीही मांडेल.

खरी गोष्ट पुढे आहे. कारखान्यात मजुरी महिना संपल्यावर पुढच्या महिन्याच्या १० तारखेला मिळते. काम २० ऑगस्टला बंद झालं, पण ऑगस्टच्या वीस दिवसांचे पैसे १० सप्टेंबरला आले. म्हणून सप्टेंबरमध्ये घरात फार जाणवलं नाही. चणचण सुरू झाली ती १० ऑक्टोबरला, जेव्हा काहीच आलं नाही. काम बंद होणं आणि पैसा बंद होणं यात दीड महिन्याहून जास्त अंतर होतं. अर्ज करायची सगळ्यात चांगली वेळ याच अंतरात असते, कारण तेव्हा फी थकलेली नसते आणि पहिला छोटा हप्ता हातात असतो. बहुतेक घरं मात्र तोवर वाट पाहतात आणि थकबाकीची नोटीस आल्यावर शाळेत जातात.

हेच अंतर परतीच्या वेळी उलटं छळतं. समजा काम १ डिसेंबरला सुरू झालं. डिसेंबरभर काका कारखान्यात, म्हणजे शेतातली आणि हमालीची रोजची कमाई बंद. आणि कारखान्याची मजुरी येणार १० जानेवारीला. त्यामुळे डिसेंबरमध्ये घरात फक्त काकूंचे ३,५०० येणार, आणि खर्च तोच ९,५००. काम परत सुरू झालेला महिना हाच सगळ्यात वाईट महिना! मी हे दोनदा तपासलं, कारण मला स्वतःला पटेना. काकू मात्र शांतपणे म्हणाल्या, "मागच्या खेपेलाही असंच झालं होतं, डिसेंबरात किराणा उधार आणला होता."

तुम्ही "काम सुरू झाल्यावर लगेच भरतो" असं लिहून दिलं तर जो हप्ता हमखास चुकतो तो हाच. पालक खोटं बोलत नसतो. त्याने फक्त कामाची तारीख आणि पैशाची तारीख एकच धरलेली असते. (ज्यांना फेलोशिप लागणार आहे त्यांनी हे वाक्य परत वाचा. जॉइनिंगची तारीख आणि पहिली रक्कम खात्यात पडण्याची तारीख यात किती अंतर असतं ते तुमच्या सीनियरला विचारा, आणि होस्टेलच्या फीचा अर्ज त्या हिशेबाने करा.)

डिसेंबरचे कमी पडणारे ६,००० कुठून येणार तेही लिहिलं: ३,००० ठेकेदाराकडून उचल, जी जानेवारीच्या मजुरीतून कापली जाईल, आणि ३,००० किराणा उधारी, जी जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमध्ये हजार-हजार करून फेडायची. काम सुरू झाल्यावर घरखर्च १०,५०० धरला. मग शिल्लक अशी येते: ऑक्टोबर १,०००, नोव्हेंबर १,०००, डिसेंबर शून्य, जानेवारी २,५००, फेब्रुवारी ५,५००, मार्च ५,५००, एप्रिल ६,५००. बेरीज २२,०००. द्यायचे १८,०००. म्हणजे फी पूर्ण भरता येते आणि ४,००० मोकळे राहतात.

आता सहा समान हप्त्यांशी तुलना करा. १८,००० भागिले सहा, दरमहा ३,०००. दिसायला सुबक, पण ऑक्टोबरचा पहिलाच हप्ता चुकतो, नोव्हेंबरचा चुकतो, डिसेंबरचा चुकतो. शाळेच्या वहीत तीन लाल खुणा पडल्यावर चौथ्या महिन्यात कोण तुमचं ऐकणार? म्हणून आम्ही चढते हप्ते मागितले: १,०००, १,०००, डिसेंबरला काही नाही, मग २,०००, ४,५००, ४,५०० आणि ५,०००. जानेवारीपासून प्रत्येक महिन्यात शिल्लकीपेक्षा थोडा कमी आकडा मुद्दाम ठेवला, कारण एखादा ताप, एखादं लग्न येतंच. तारीख सगळीकडे १२ धरली, १० ला मजुरी येते म्हणून.

पुरावा काय जोडायचा, हा पुढचा प्रश्न. ठेकेदाराचे कामगार असल्यामुळे "काम बंद आहे" असं लेखी द्यायला कोणी तयार नव्हतं. मी काकांचं पीएफचं पासबुक ऑनलाइन उघडलं. त्यात प्रत्येक मजुरीच्या महिन्यापुढे कापलेली रक्कम दिसते. जुलैची पूर्ण, ऑगस्टची कमी. सप्टेंबरची नोंद तेव्हा यायचीच होती, कारण एका महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. ही नोंद चांगली, कारण ती आमच्या अर्जासाठी कोणी तयार केलेली नाही. पण तिची एक मर्यादा आहे. नोंद कमी किंवा गायब असण्याचा अर्थ मजुरी मिळाली नाही असाच होत नाही, कारण ठेकेदाराने मजुरी देऊन पीएफ भरलाच नसेल तरी पान तसंच दिसतं. म्हणून सोबत बँक पासबुकाची जून ते सप्टेंबरची पानं जोडली. १० सप्टेंबरला जमा झालेली मजुरी आधीच्या महिन्यांपेक्षा स्पष्ट कमी होती. दोन वेगळ्या ठिकाणच्या नोंदी एकच गोष्ट सांगत होत्या. झेरॉक्सवर खाते क्रमांक आणि यूएएनचे मधले अंक खोडले, शाळेला त्यांची गरज नाही.

उरली एक अडचण, "दिवाळीनंतर". १ डिसेंबर ही आमची धरलेली तारीख होती, ठेकेदाराने दिलेली नव्हे. ती पक्की म्हणून लिहिणं चुकीचं, आणि न लिहावी तर परत "कव्हय?" तसंच राहतं. म्हणून तारीख लिहिली आणि ती चुकली तर काय करू हेही लिहिलं. शेवटी अर्ज असा झाला:

> प्रति, मा. मुख्याध्यापक
> विषय: उर्वरित फी रु. १८,००० हप्त्यांत भरण्यास परवानगी मिळणेबाबत
>
> महोदय,
> माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता ९ वीत शिकतो. चालू वर्षाच्या रु. २६,००० फीपैकी रु. ८,००० जूनमध्ये भरले आहेत (पावतीची प्रत सोबत). उर्वरित रु. १८,००० पूर्ण भरणार आहे. फी कमी करण्याची विनंती नाही.
>
> दि. २० ऑगस्टपासून माझे कारखान्यातील काम बंद आहे. डिसेंबरच्या सुरुवातीस ते सुरू होईल असा अंदाज आहे. पहिली मजुरी त्यानंतर १० जानेवारीला मिळेल. त्यामुळे पुढीलप्रमाणे, प्रत्येक महिन्याच्या १२ तारखेपर्यंत भरण्याची परवानगी द्यावी: ऑक्टोबर १,०००, नोव्हेंबर १,०००, जानेवारी २,०००, फेब्रुवारी ४,५००, मार्च ४,५००, एप्रिल ५,०००.
>
> दि. ५ डिसेंबरपर्यंत काम सुरू न झाल्यास त्याच दिवशी कार्यालयात येऊन लेखी कळवीन व तोपर्यंत दरमहा रु. १,००० भरणे चालू ठेवीन. या मुदतीसाठी विलंब शुल्क आकारू नये, ही विनंती.
>
> सोबत: फीची पावती, पीएफ व बँक पासबुकाच्या प्रती.

परिस्थितीचं वर्णन यात एका वाक्याचं आहे. काकांना ते कोरडं वाटलं. "थोडं तरी लिही ना, ते वाचून काय म्हणतील?" मी "नम्र विनंती" मधला नम्र परत घातला, आणि शाळेत द्यायच्या स्वच्छ प्रतीत तो आहे.

सोमवारी अर्ज दोन प्रतींत नेला. एक प्रत दिली, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. पहिल्या वेळी क्लार्कने अर्ज नुसता हातात परत दिला होता, म्हणजे कागदोपत्री तो कधी आलाच नव्हता. ऑक्टोबरचे १,००० रुपयेही त्याच दिवशी भरले आणि पावती घेतली. क्लार्कने आकड्यांवरून बोट फिरवलं, स्वतःच्या रजिस्टरशी १८,००० जुळवलं आणि म्हणाले, "हे साहेबांकडे ठेवतो, पण मंजुरी संस्थेची लागेल." मुख्याध्यापकांना एवढी मुदत द्यायचा अधिकार नव्हता. निर्णय संस्थेच्या सचिवांकडे होता. हे आधी कळलं असतं तर अर्जात "मार्फत मुख्याध्यापक" लिहून तो थेट सचिवांच्या नावे केला असता आणि आठवडा वाचला असता.

आठ दिवसांनी संस्थेकडून दोन गोष्टी आल्या. एक, ३१ मार्चला हिशेब बंद होतात, म्हणून एप्रिलचा हप्ता नको. दुसरी, सगळ्या हप्त्यांचे पुढच्या तारखांचे चेक आत्ताच द्या.

पहिलीवर आमच्याकडे वही होती. फेब्रुवारी आणि मार्च प्रत्येकी ५,००० केले तर एप्रिलला ४,००० उरतात. त्यापुढे मार्चमध्ये ओढलं तर मोकळी जागाच राहत नाही. काकांनी तेवढंच सांगितलं, आणि ४,००० एप्रिलवर ठेवायला ते तयार झाले. किती वाकता येईल हे आकड्यात माहीत होतं म्हणून ते बोलणं पाच मिनिटांत झालं.

दुसरीला मात्र काकांनी नकार दिला, आणि मी त्यांना तोच सल्ला दिला होता. चेक वटला नाही तर बँकेचा दंड लागतोच, शिवाय परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. काम कधी सुरू होईल हे ठेकेदारालाच माहीत नसताना तारीख घातलेला चेक देणं म्हणजे आपल्या अंदाजाला खात्री म्हणून सही करणं. त्याऐवजी त्याच तारखांचं साधं हमीपत्र लिहून दिलं. प्रत्येक शाळा हे मानेल असं नाही. इथे मानलं, आणि मला वाटतं ऑक्टोबरची पावती आधीच फाडलेली होती याचा त्यात हात होता.

भाऊ दहावीत असता तर एक रक्कम या सगळ्यातून बाहेर काढावी लागली असती. बोर्डाच्या परीक्षेचं शुल्क शाळेचं नसतं, ते मंडळाकडे ठरलेल्या मुदतीत जातं आणि त्याला हप्ते नाहीत. तीच गोष्ट स्कूलबसची, जिथे गाडी बाहेरच्या मालकाची असते. म्हणून अर्जाआधी कार्यालयातून फीची फोड मागून घ्यावी आणि ज्या रकमा थांबू शकत नाहीत त्या आधी वेगळ्या काढून मगच उरलेल्याचे हप्ते पाडावेत.

काम १ डिसेंबरला सुरू झालं नाही. ५ तारखेला काका शाळेत गेले, दोन ओळींचं पत्र दिलं आणि १,००० रुपये भरले, जे मूळ वेळापत्रकात नव्हतेच, कारण ते अजून शेतात जात होते आणि रोज सुटत होता. बोलावणं आलं १८ डिसेंबरला. त्यामुळे १० जानेवारीला फक्त तेरा-चौदा दिवसांची मजुरी आली, आणि जानेवारीचे २,००० त्यातून निघणं शक्य नव्हतं. त्यांनी १,००० भरले. डिसेंबरचे जास्तीचे १,००० धरून जानेवारीअखेरची बेरीज मात्र अर्जात लिहिली होती तेवढीच आली: ४,०००. क्लार्कने रजिस्टरमध्ये पेन्सिलने ती बेरीज मांडली आणि फेब्रुवारीच्या ओळीला हात लावला नाही.

वहीचं ते पान काकूंनी फाडून डब्यात ठेवलंय. मागच्या आठवड्यात शेजारच्या ताई ते मागायला आल्या होत्या, त्यांच्याकडे गाडी चालवणाऱ्या भावजींचा पाय मोडलाय. त्यांच्या पानावर तारखा वेगळ्या येतील. डॉक्टरने लिहून दिलेली तारीख आणि गाडीमालक परत कामावर घेईल ती तारीख, या दोन्हींसाठी वेगळे रकाने करायला मी फोनवर सांगितलं.